आईच्या चेहऱ्यावरचा स्क्रॅच पुसावा की ठेवावा?

जुनी_रिळं
नमस्कार मंडळी. मी नाशिकला लोकांच्या घरच्या जुन्या फिल्म स्कॅन करून, साफ करून देतो. आठ मिमी, सुपर आठ, क्वचित सोळा. बहुतेक कामात डोकं लावावं लागतं, पण मन लावावं लागत नाही. या वेळी एका रेघेवर अडलोय. ग्राहक भाऊ-बहीण आहेत, दोघांना विचारूनच हा धागा काढतोय. नावं देणार नाही.

त्यांचे वडील ओझरला एचएएलमध्ये होते. मिगच्या ट्रेनिंगला रशियात गेले, तिथून आठ मिमीचा क्वार्त्स कॅमेरा आणि लूच प्रोजेक्टर घेऊन आले. गेल्या वर्षी ते गेले. माळ्यावरच्या ट्रंकेत रिळं निघाली, त्यातलं हे एक १९७४ सालचं. ओरवोची रंगीत रिव्हर्सल फिल्म. म्हणजे कॅमेऱ्यातून जी गेली तीच धुऊन भिंतीवर दाखवायची, निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही.

शॉट गोदाघाटावरचा. मागे दुतोंड्या मारुती, पुढे आई, हातात तांब्या. दहा सेकंदांचा शॉट, सेकंदाला सोळा या हिशेबाने १६० फ्रेम. पहिली सातेक सेकंदं ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत स्थिर उभी आहे, मग कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवते. आणि या सगळ्या शॉटभर एक उभी रेघ आहे, दर फ्रेममध्ये जवळजवळ त्याच जागी: कपाळ, डाव्या भुवईचं आतलं टोक, नाकाची डावी पाकळी, ओठ.

आई १९७६ साली गेली. तेव्हा भाऊ बारा वर्षांचा होता, बहीण पाच. भाऊ म्हणतात, पुसा, माझ्या आईच्या तोंडावर असं काही नव्हतं. ताई म्हणतात, मला आई आठवते ती या फिल्ममुळेच, बाबा दर दिवाळीत भिंतीवर लावायचे, ती रेघ तेव्हापासून आहे.

मी सॉफ्टवेअरने रेघ भरून एक नमुना दोघांना पाठवला. भाऊ खूश. ताईंचा फोन आला, "नाक वेगळं दिसतंय." बाकी काही बोलल्या नाहीत. वडिलांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमणार आहेत, तेव्हा ही फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे. तुम्ही काय केलं असतं?

मिसळ_तर्री
रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

नीट_विचारा
१६० फ्रेम फोटोशॉपमध्ये हाताने पुसल्या तर दोन दिवसांचं काम. ग्राहक पैसे देतोय तर करून टाका की. यात तात्त्विक काय आहे?

जुनी_रिळं
@नीट_विचारा, हाताने पुसलेली एकेक फ्रेम बघितलीत तर अगदी छान दिसते. ओळीने चालवली की गडबड होते. प्रत्येक फ्रेममध्ये भरलेली त्वचा तिळभर वेगळी असते, त्यामुळे चालताना नाकाच्या बाजूला सतत काहीतरी वळवळतं. ते मूळच्या रेघेपेक्षा वाईट. रेघेची डोळ्याला सवय होते, वळवळीची होत नाही.

सासुरवाशीण_सिडको
आमच्या लग्नाच्या सीडीवर असाच चरा आहे, बरोबर सप्तपदीला येऊन अडकते. पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन मधून बाहेर अशी घासली, तेव्हापासून मंगलाष्टकांपर्यंत तरी जाते. करून बघा.

मिसळ_तर्री
ताई, सप्तपदी मंगलाष्टकांनंतर असते. तुमची सीडी मागे चालायला लागलीय.

जुनी_रिळं
@सासुरवाशीण_सिडको, कृपा करून कुणीही फिल्मला टूथपेस्ट लावू नका. चित्र सीडीसारखं प्लॅस्टिकच्या आत नसतं, एका बाजूला वरच असतं. घासलं की तेच निघून येईल.

शंकासूर
मोठ्या लॅबमध्ये वेट गेट नावाचा प्रकार असतो. फिल्म एका द्रवातून नेत स्कॅन करतात, स्क्रॅच आपोआप गायब. पुण्या-मुंबईत कुणाकडे तरी असेल. तिथे पाठवा, प्रश्नच मिटला. न पुसता पुसला गेला, ताईही खूश.

डार्करूम_काका
शंकासूर, अर्धं बरोबर. तो द्रव म्हणजे बहुधा पर्क, ड्रायक्लीनिंगवाले वापरतात तेच. फिल्मच्या पाठीला, म्हणजे नुसत्या पारदर्शक प्लॅस्टिकला चरा पडला असेल तर त्या चऱ्यात प्रकाश वाकडा जातो आणि पडद्यावर काळी रेघ दिसते. द्रव चऱ्यात भरला की प्रकाश सरळ जातो आणि रेघ नाहीशी होते. तिथे चित्र शाबूत असतं, फक्त दिसत नसतं. पण चरा चित्राच्या बाजूला असेल तर रंगच खरवडून गेलेला असतो. त्या खळग्यात द्रव भरून रंग कुठून येणार?

तेव्हा धागाकर्त्यांनी आधी एवढं सांगावं, रेघ काळी आहे की रंगीत? फिल्म दिव्याखाली तिरकी धरून बघा. एक बाजू चकचकीत दिसेल, दुसरी जराशी मंद. रेघ कुठल्या बाजूची चकाकी तोडते?

जुनी_रिळं
काका, मंद बाजूची. रेघ निळी आहे. कपाळावर स्वच्छ निळी, खाली नाकाकडे येता येता हिरवट होते आणि नाकाच्या पाकळीपासून ओठापर्यंत जवळजवळ पांढरी.

डार्करूम_काका
मग तुमच्याकडे एक नाही, तीन स्क्रॅच आहेत.

असं बघा. या फिल्ममध्ये रंगाचे तीन थर एकावर एक असतात. सगळ्यात वर पिवळा, मध्ये किरमिजी, तळाला निळसर-हिरवा. खडा वरून घासत गेला की आधी पिवळा जातो. उरलेले दोन मिळून निळे दिसतात, ही तुमची कपाळावरची रेघ. जरा खोल गेला की किरमिजीही जातो, मग हिरवट दिसतं. तळापर्यंत गेला की काहीच उरत नाही, नुसता उजेड.

आता स्कॅनचे तीन चॅनल सुटे करून बघा. पिवळा थर निळ्या प्रकाशाला अडवतो, म्हणून कपाळावर फक्त निळ्या चॅनलमध्ये रेघ असायला हवी. लाल आणि हिरव्यात कपाळ जवळपास शाबूत मिळेल. तसं असेल तर तिथे "भरायचं" काही नाहीच, आहे ते उचलायचं आहे. हिरवट पट्ट्यात फक्त लाल चॅनल कामाचा. आणि पांढऱ्यात राम राम.

सॉफ्टवेअरला हे कळत नाही. त्याला रेघ दिसली की ते दोन्ही बाजूंची त्वचा ओढून मधे चिकटवतं, खाली चित्र असलं तरी. नाक वेगळं दिसलं ते उगाच नाही.

तपोवनकर
विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहिते. माझी आई गेली तेव्हा हार घालायच्या फोटोसाठी वडिलांनी तिचा एक जुना फोटो स्टुडिओत दिला. आईच्या गालावर देवीचे व्रण होते. स्टुडिओवाल्याने न विचारता सगळे पुसले, गाल गुळगुळीत केले, वर कुंकूही ठसठशीत रंगवलं. वडील काही बोलले नाहीत, फोटो लावला. आज तीस-पस्तीस वर्षं मी त्या बाईला नमस्कार करतेय. आई तशी नव्हती.

तुमच्या ताईंचं मला कळतं. ठेवा रेघ.

ओझरचा_पोरगा
+१. आणि एक सुचतंय. वडील प्रोजेक्टर स्वतः चालवायचे ना? बायको गेल्यावर माणूस तोच शॉट पुन्हा पुन्हा लावून बघत बसला असणार. म्हणून तेवढ्याच भागावर रेघ पडली. तो स्क्रॅच म्हणजे त्यांचं बघणं आहे हो. तो कसा पुसणार? आम्ही टाउनशिपमध्ये वाढलो, असे अबोल काका पुष्कळ पाहिलेत. घरात तोंडातून शब्द नाही, पण वस्तू जपून ठेवलेल्या.

मिसळ_तर्री
बास, रडवलंत.

नीट_विचारा
तपोवनकर, तुमच्या उदाहरणात व्रण आईच्या गालावर होते. इथे रेघ फिल्मवर आहे, आईवर नाही. दोन्ही एक कसे? स्टुडिओवाल्याने खरं पुसलं. इथे जे खोटं वरून चढलंय ते काढायचं आहे. तुमच्याच न्यायाने रेघ पुसायला हवी.

तपोवनकर
हं. मुद्दा आहे. पण पुसून खाली खरं निघणार असेल तर. स्टुडिओवालाही म्हणाला असता की मी डाग काढले.

डार्करूम_काका
जागतिक फिल्म संग्रहालयांच्या संघाची, फियाफची एक आचारसंहिता आहे. त्यात साधारण असं म्हटलंय की काळाने आणि वापराने चढलेलं काढावं, अपुरं असेल ते पुरं करावं, पण मूळ वस्तूचा आणि ती बनवणाऱ्याच्या हेतूचा विपर्यास करू नये. प्रोजेक्टरचा स्क्रॅच म्हणजे वापराने चढलेलं. तेव्हा पुसण्यात पाप नाही. काय भरता, यात असू शकतं.

ओझरकर, तुमची गोष्ट सुंदर आहे, पण मला आधी रीळ तपासू द्या. धागाकर्ते, रेघ नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते? फक्त आईवरच आहे का?

जुनी_रिळं
नाही. ही डबल-८ आहे, म्हणजे २५ फुटांची रुंद फिल्म दोनदा चालवून मधोमध चिरलेली, त्यामुळे रिळाच्या मध्यावर जोड आहेच. सिमेंटने केलेला, आता पोपडे धरलेला. जोडानंतर हातभर अंतरावर रेघ सुरू होते, घाटावरच्या बैलगाडीवर. तिथे केसासारखी बारीक आहे. मग वाढत जाते, आईच्या शॉटमध्ये सगळ्यात खोल, आणि पुढे मुलं पाण्यात खेळतायत त्या शॉटच्या सुरुवातीला एकदम तुटते.

डार्करूम_काका
मग मला दिसतंय ते असं. जोडाचा कडक पोपडा सुटून प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या फटीत अडकला. फिल्म त्याच्यावरून घासत गेली. घासताना निघालेला रंगाचा भुगा त्याच्याच टोकाला जमत गेला, म्हणून रेघ खोल होत गेली. शेवटी तो गोळा निसटला आणि रेघ तुटली. हे सगळं एकाच संध्याकाळी, अर्ध्या मिनिटात होऊ शकतं. आईचा चेहरा सगळ्यात खोल जागी आला तो योगायोग. बैलगाडी रिळात चार फूट पुढे असती तर बैलाच्या तोंडावर आला असता.

ओझरचा_पोरगा
काका, तुम्ही कधी कुणाचं काही राहू देता का?

पण मग त्याच भागातली फिल्मच्या कडेची छिद्रं तपासा. पुन्हा पुन्हा मागे-पुढे केलं असेल तर प्रोजेक्टरच्या दात्यांनी छिद्रांच्या कडा खाल्लेल्या दिसतील.

जुनी_रिळं
तपासलं. आईच्या शॉटच्या आसपास दोन-तीन छिद्रांच्या कडा चिरल्यात, बाकी रिळात मधे कुठेच नाहीत. याचा अर्थ काय लावायचा ते मला ठरवता येत नाही.

डार्करूम_काका
अडकलेल्या पोपड्यावर फिल्म जाम झाली तरी छिद्रं चिरतात. आणि मागे-पुढे केलं तरी चिरतात. मलाही ठरवता येणार नाही.

ओझरचा_पोरगा
चला, बरोबरी.

गंगापूररोड_आजोबा
थोडं अवांतर. माझ्याकडेही आठ मिमीची चार रिळं आहेत, मुंजीची वगैरे. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. प्रोजेक्टर आहे, चालूही आहे. रविवारी नातवंडांना दाखवावं म्हणतो.

डार्करूम_काका
आजोबा, दाखवू नका. तो वास म्हणजे फिल्मचं प्लॅस्टिकच विघटन पावतंय. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, फक्त हळू करता येतं. फिल्म आकसलेली असते, प्रोजेक्टरचे दाते छिद्रात नीट बसत नाहीत आणि फाडत जातात. ती रिळं इतर रिळांपासून वेगळी काढा, कारण तो आम्लाचा वास शेजारच्या चांगल्या फिल्मनाही बिघडवतो. हवाबंद डब्यात कोंडू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि लवकर स्कॅन करून घ्या.

गंगापूररोड_आजोबा
आभार. सौ. म्हणत होती, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलंय म्हणून वास येतोय. तिला वाचून दाखवतो.

जुनी_रिळं
काकांनी सांगितलं तसे चॅनल सुटे केले. कपाळ आणि भुवई लाल-हिरव्यात खरंच शाबूत आहेत, कडेला रंग जरा ढकलला गेलाय तेवढंच. तेवढा भाग आता निळा चॅनल बाकी दोघांच्या आधाराने बांधून पुरा केला. भुवईचे केस खरे आहेत, मी काढलेले नाहीत. नमुन्यात सॉफ्टवेअरने तिथे भुवई चक्क बोथट केली होती.

उरला नाक ते ओठ हा पांढरा पट्टा. मान वळवते त्या शेवटच्या ४८ फ्रेममध्ये नाक रेघेखालून बाहेर सरकतं आणि रेघ गालावर येते. म्हणजे आधी झाकलेलं तिथे उघडं पडतं. आणि तिथे एक गोष्ट दिसली. ओळीने तीन फ्रेममध्ये नाकाच्या डाव्या पाकळीवर एक चमकता ठिपका आहे.

चमकी असावी का? भावाला विचारलं, ते म्हणाले आई चमकी घालत नव्हती. ताई म्हणाल्या, "मला आठवत नाही, पण असं वाटतं की होती."

शंकासूर
धूळ असेल. नाहीतर घाम. गोदाघाटावर दुपारी कुणाचं नाक चमकत नाही?

आणि आधी हे बघा की स्कॅन उलट्या बाजूने तर झालं नाही ना. आठ मिमी उलटी लावली की सगळं आरशासारखं फिरतं. मग डावं नाक उजवं निघायचं आणि हा सगळा धागा पाण्यात.

सासुरवाशीण_सिडको
पदर बघा ना! कुठल्या खांद्यावर आहे?

जुनी_रिळं
पदर डाव्या खांद्यावर. स्कॅन सरळ आहे. ताई, टूथपेस्टचा हिशेब फिटला.

@शंकासूर, धुळीचा कण एका फ्रेमवर बसलेला असतो, पुढच्या फ्रेमवर तो नसतो. आणि गेटमध्ये अडकलेला कण असेल तर तो जागचा हलत नाही. हा ठिपका तीन फ्रेम नाकाबरोबर सरकतो. घामाची चकाकी पसरट आणि कडेला मऊ असते, हा टोकदार आहे. मोजून बघितलं तर माझ्या स्कॅनमध्ये कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा तीनेकशे पिक्सेल आहे. म्हणजे चमकीएवढी वस्तू पाचेक पिक्सेल भरेल, आणि ठिपका तेवढाच आहे. पांढरी रेघ आठ पिक्सेल रुंद. चमकी असलीच तर समोर बघतानाच्या सगळ्या फ्रेममध्ये ती पूर्ण रेघेखाली जाते.

मिसळ_तर्री
म्हणजे जी रेघ पुसायची ती चमकीवर बसलीय, आणि पुसली की चमकीही पुसली जाते. लेखकाने रचलं असतं तर आपण म्हणालो असतो, जरा जास्तच झालं.

तपोवनकर
घरात कुणी मावशी, आत्या नाहीत का? बायकांना विचारा. दहा वर्षांच्या मुलाचं आईच्या नाकाकडे लक्ष नसतं.

जुनी_रिळं
एक मावशी आहेत, पंचवटीत. ताईंनी विचारलं. त्या म्हणाल्या, नाक टोचलेलं होतं, पण रोज काही घालायची नाही. सणावाराला, कुठे जायचं असलं तर. घाटावर जाणं "कुठे जाणं" मध्ये धरायचं का, ते त्यांनाही सांगता येईना.

नीट_विचारा
झालं तर. तीन फ्रेममधून चमकी उचला आणि बाकीच्या सगळ्या फ्रेममध्ये बसवा. पुरावा आहे, मावशीची साक्ष आहे. भावाला रेघ नको, ती गेली. ताईंना नाक पटेल.

डार्करूम_काका
नाही हो. शेजारच्या फ्रेममधून उसनं घेणं रास्त असतं, जोवर तोच कोन, तोच उजेड असतो. इथे मान वळल्यावर चमकीवर ऊन आलं म्हणून ती चमकली. समोर बघताना ती चमकत होती की काळा ठिपका दिसत होती की दिसतच नव्हती, हे त्या तीन फ्रेम सांगत नाहीत. सात सेकंद सतत लुकलुकणारी चमकी बसवलीत तर तो तुम्ही घातलेला दागिना.

नीट_विचारा
आणि गुळगुळीत त्वचा भरली तर तो काढलेला दागिना. मग करायचं काय, सात सेकंद तोंडाला पट्टी?

खापरतुकडा
इथे बाहेरचा माणूस म्हणून दोन शब्द. आमच्या पुरातत्त्वात हा प्रश्न रोजचा आहे. १९५०-५१ साली डॉ. सांकलियांनी इथे नाशकात आणि जोर्व्याला उत्खनन केलं, तेव्हापासून जोर्वे भांडी प्रसिद्ध आहेत. उत्खननातलं भांडं क्वचितच अखंड निघतं. तुकडे जोडतात, आणि जो तुकडा मिळालाच नाही तिथे प्लॅस्टर भरतात. आकार पुरा होतो, भांडं उभं राहतं. पण प्लॅस्टरवर नक्षी काढत नाहीत, आणि त्याचा रंग भांड्याच्या जवळचा पण थोडा वेगळा ठेवतात. दोन पावलांवरून भांडं दिसतं. जवळ जाऊन बघितलं तर नवं कुठे आहे ते लपत नाही.

तुमच्या पांढऱ्या पट्ट्यात असं करता येईल का?

जुनी_रिळं
हे करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. रेघेचा पांढरेपणा आजूबाजूच्या त्वचेइतका खाली आणायचा, पण आत काही काढायचं नाही. ना त्वचेचा पोत, ना चमकी. नुसता सपाट रंग. काका, चालेल?

डार्करूम_काका
चालेल, पण दोन गोष्टी सांभाळा. फिल्मच्या चित्राला बारीक रवाळ दाणा असतो, तो सतत हलतो. तुमचा सपाट पट्टा हलणार नाही, त्यामुळे तो फडक्यासारखा उठून दिसेल. थोडा दाणा घालावाच लागेल. दुसरं, रंग दर फ्रेमला वेगळा उचलू नका, नाहीतर रेघ लुकलुकेल. आठ-दहा फ्रेमची सरासरी घ्या.

आणि मूळ स्कॅन, न पुसलेलं, दोघांनाही द्या. रीळ परत देताना नवीन रिळावर सैल गुंडाळून द्या.

शंकासूर
दाणा घातला म्हणजे काहीतरी काढलंच ना? मग काका, तुमची रेषा नेमकी कुठे?

डार्करूम_काका
दाणा फिल्मचा असतो, नाक बाईंचं. मी तिथे रेषा ओढतो. दुसरा कुणी दुसरीकडे ओढेल.

ओझरचा_पोरगा
पण मान वळल्यानंतरचं काय? तिथे रेघ गालावर आहे ना?

जुनी_रिळं
तिथे ती अडचण नाही. मान हळूहळू वळते, दर फ्रेमला गालाचा वेगळा भाग रेघेखाली येतो आणि आधीचा उघडा पडतो. शेजारच्या दोन-तीन फ्रेममधून खरा गाल मिळतो, कोनही जवळजवळ तोच. तो भाग पूर्ण साफ झाला. तीन फ्रेममधल्या ठिपक्याला हात लावलेला नाही. साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने तो धूळ समजून दोनदा उडवला, तेव्हा तेवढ्या फ्रेम त्यातून वगळल्या.

जुनी_रिळं
धागा वर काढतोय. झालं ते सांगतो.

कपाळ आणि भुवई पूर्ण मोकळी. नाक ते ओठ पट्टा त्वचेच्या रंगाचा, थोडा दाणा घालून, आत काही न काढता. माझ्या मॉनिटरवर जवळून बघितलं तर सावलीची रेघ असावी असं दिसतं. आठ-दहा फुटांवरून मला तरी दिसत नाही, पण मला ती कुठे आहे ते माहीत असल्याने माझं मत धरू नका.

भावाला बघितल्याबरोबर कळलं. म्हणाले, अजून राहिलीय. मी म्हटलं, राहिलीय, तिच्या खाली काय आहे ते मला माहीत नाही. त्यांना ते फारसं पटलं नाही. चमकीचे तीन फ्रेम थांबवून दाखवले, ते बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले की ही धूळच आहे. ताईंनी तेच तीन फ्रेम छापून मागितलेत. वर्षश्राद्धाला हीच प्रत लागणार. पैसे दोघांनी अर्धे-अर्धे दिले.

नीट_विचारा
ग्राहकाने पुसायला सांगितलं होतं, तुम्ही अर्धं पुसलंत आणि पूर्ण पैसे घेतलेत. मी असतो तर भावाच्या बाजूने भांडलो असतो. आई त्यांचीही आहे, आणि आठवण असलेले ते एकटेच.

तपोवनकर
आठवण असलेल्यालाच चमकी आठवत नव्हती, हेही लिहा की.

नीट_विचारा
चमकी होती हे तरी कुठे सिद्ध झालंय?

गंगापूररोड_आजोबा
माझी रिळं कुणाकडे द्यायची ते व्यनि करावा. आणि एक विचारायचं होतं. एका दुकानाने मागे एक रीळ सीडीवर करून दिलं होतं, त्यात सगळे तुरुतुरु पळतात. माझे मुंजीतले भटजी तर भिक्षावळीत धावत सुटलेत. फिल्म खराब झालीय का?

जुनी_रिळं
फिल्म ठीक असेल. सोळाच्या वेगाची फिल्म त्यांनी पंचवीसच्या वेगाने चढवलीय, म्हणून सगळं दीडपट घाईत. स्कॅन करणाऱ्याला आधीच सांगा की सोळानेच चालली पाहिजे. व्यनि केलाय, आजोबा. येताना रिळं उन्हात गाडीत ठेवू नका.